चार धावांनी फायनल हरलेल्या पोरांसाठी कविता कशी लिहावी

गुरुवारी संध्याकाळी आमच्या शाळेचा 14 वर्षांखालचा संघ फायनल हरला. समोरच्यांनी 20 षटकांत 7 बाद 126 केल्या आणि आमची पोरं 19.4 षटकांत 122 वर संपली. मी शाळेत मराठी शिकवतो. क्रिकेटमधलं मला स्कोअरबुक वाचण्यापुरतंच कळतं, पण शुक्रवारी सकाळी क्रीडाशिक्षकांनी स्टाफरूममध्ये गाठलं आणि म्हणाले, "सर, पोरं तोंड उघडंनात. शनिवारी सकाळच्या शाळेत कायतरी चार ओळी म्हणा की."

चार ओळी म्हणता म्हणता सहा कडवी झाली. ती कशी झाली, मधल्या कुठल्या ओळी टाकून दिल्या आणि का, हे इथं सांगतो. तुमच्या शाळेचा, तालमीचा किंवा गल्लीचा संघ हरला असेल तर हीच वाट धरता येईल. फक्त ओळी माझ्या वापरू नका. का, ते पुढं कळेलच.

आधी स्कोअरबुक, मग वही

हरलेल्यांसाठी लिहायला बसलं की पहिल्यांदा जे सुचतं ते सगळ्यांनाच सुचतं. मलाही सुचलं:

पराभव ही पायरी
यशाची असते खरी

दोन्ही ओळींत मोजून 8 अक्षरं, यमक चोख, आणि ऐकणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. याची परीक्षा सोपी आहे. ओळीतला खेळ बदलून बघा. हीच ओळ खो-खोच्या संघाला, वक्तृत्वात मागं पडलेल्या मुलीला, गणितात नापास झालेल्याला लागू पडत असेल, तर ती आपल्या पोरांसाठी लिहिलेली नाही. पोरांना ते लगेच कळतं. "सर, हे मागच्या वर्षी कबड्डीला पण म्हटलं होतं," असं म्हणणारा एक तरी वर्गात असतोच.

म्हणून आमच्या स्कोअररकडं गेलो. आठवीतली मुलगी, पेन्सिलीनं स्कोअरबुक इतकं नेटकं भरते की बँकेत लागायला हरकत नाही. तिच्याजवळ बसून फक्त चार गोष्टी लिहून घेतल्या: डाव कुठं घसरला, कुठं सावरला, शेवटी काय झालं आणि अवांतर धावा किती गेल्या.

घसरला तो 9 षटकांत 5 बाद 41 वर. सावरला तो सहाव्या जोडीमुळं. त्या दोघांनी 58 धावांची भागीदारी केली आणि 17 व्या षटकाच्या अखेरीस 99 वर सहावी विकेट पडली. पुढच्या दोन षटकांत 17 धावा आल्या आणि तिघं गेले. शेवटच्या षटकात 11 हव्या होत्या आणि समोर अकराव्या नंबरचा पोरगा. पहिल्या चेंडूवर त्यानं चौकार मारला, दुसरा निर्धाव गेला, तिसऱ्यावर दोन पळाल्या, चौथ्यावर सीमारेषेवर झेल. आणि आम्ही गोलंदाजी करताना 13 वाइड टाकले होते.

पाचवी गोष्ट ती स्वतःहून बोलली नाही. मीच विचारलं तेव्हा पेन्सिल फिरवत म्हणाली, "कॅच सुटला न्हाय का सर." त्यांचा मुख्य फलंदाज 31 वर असताना आमच्या एका फील्डरच्या हातून सोपा झेल सुटला होता. तो फलंदाज 52 पर्यंत गेला. स्कोअरबुकात सुटलेल्या झेलाला रकाना नसतो, पण अख्ख्या संघाच्या डोक्यात तोच रकाना उघडा होता. खरी कविता तिथंच लिहायची आहे हे मला तेव्हा कळलं. त्या झेलाचं काय केलं ते सांगतोच, पण आधी साचा.

साचा कुठला घ्यायचा

कोल्हापुरात पहिला मोह पोवाड्याचा. डफ घ्यायचा, झीलकऱ्यांनी "जी जी" म्हणायचं आणि पोरांना मर्द मावळे करून टाकायचं. पन्हाळा हाकेच्या अंतरावर असल्यामुळं पावनखिंड तर हातात आयतीच येते. मी तो मोह आवरला. 1660 च्या त्या लढाईत बाजीप्रभूंनी जीव दिला तो काम फत्ते करून. आमची पोरं 4 धावा कमी पडून घरी गेली आणि त्यांच्या आयांनी त्यांना जेवायला वाढलं. एवढ्या मोठ्या मापाचा अंगरखा चढवला की आतलं पोरगं दिसेनासं होतं, आणि हरलेल्याला तर ती थट्टाच वाटते.

दुसरा मोह कुस्तीचा. आपल्याकडं कशालाही तांबडी माती लावतात. पण "चितपट" हा शब्द इथं सपशेल चुकीचा. 2 चेंडू राहिलेले असताना 4 धावांनी हरणं म्हणजे पाठ टेकणं नव्हे.

अभंगाचा साचा (तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक) मला स्वतःला फार आवडतो, पण कानाला तो सवयीनं भजनाचा वाटतो. हरलेल्या संघासमोर म्हटला की "देवाची इच्छा" असा सूर लागतो. तेरा वर्षांच्या पोराला आता तो नको आहे.

मुक्तछंद पाठ होत नाही. आणि जे पाठ होत नाही ते रात्री अंथरुणात पडल्यावर आठवत नाही. खरा उपयोग तर तेव्हाच.

म्हणून अष्टाक्षरी. एका ओळीत 8 अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक. टाळीवर बसते, चाल लावावी लागत नाही, आणि पोरांना दोनदा ऐकली की येते.

अक्षरं मोजायची कशी

अक्षरछंदात ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब ठेवत नाहीत, फक्त अक्षरं मोजतात. जोडाक्षर एकच धरायचं. "अठ्ठावन्न" म्हणजे अ, ठ्ठा, व, न्न, अशी चार. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. पाय मोडलेलं अक्षरही मोजायचं नाही, म्हणून "अन्" एक.

नवशिक्याचा घोटाळा एकाच ठिकाणी होतो. बोलताना आपण शेवटचा अ गिळतो. "झेल" बोलताना झेल् असा एकाच झटक्यात येतो, पण म्हणताना झे-ल अशी दोन अक्षरं पुरती उच्चारायची. त्यामुळं कानानं मोजलं तर चुकतं, बोटानं मोजायचं. डाव्या हाताची चार बोटं दोनदा संपली पाहिजेत, ना कमी ना जास्त:

झे-ल-सु-ट / ला-हा-तू-न

चौथ्या अक्षरावर शब्द संपला तर ठेका छान बसतो. दर ओळीत तसं जमत नाही आणि जमायलाच हवं असंही नाही. मी एवढंच पाळतो की कवितेच्या पहिल्या ओळीत चौथ्यावर शब्द तुटू द्यायचा नाही, कारण ऐकणारा ठेका तिथं पकडतो. पुढं एखादी ओळ पाच-तीन झाली तर तो सांभाळून घेतो.

क्रिकेटचे शब्द निवडताना पोरं मैदानात काय म्हणतात ते बघा. "क्षेत्ररक्षक" पाच अक्षरं खातो आणि कुणी म्हणत नाही. "झेल" आणि "कॅच" दोन्ही दोनच अक्षरांचे. मी "झेल" घेतला, कारण त्याच्याबरोबर "हात" आणि "सुटणं" सहज येतात. "स्कोअर", "नेट" हे जसेच्या तसे ठेवले. आकडे मात्र अक्षरी लिहायचे, नाहीतर म्हणताना अडखळतात. एक्केचाळीस पाच अक्षरं, अठ्ठावन्न चार. आकडा लांब असला तर ओळीतलं बाकी सगळं आखूड करावं लागतं. उलट करू नका. आकडा बदलून ओळ बसवली की स्कोअरर पोरगी तुम्हाला माफ करणार नाही.

पहिलं कडवं: हरलो हे सांगून टाकायचं

माझ्या पहिल्या खर्ड्यात "तुम्हीच खरे विजेते" अशी ओळ होती. क्रीडाशिक्षकांना वाचून दाखवली तर ते म्हणाले, "मग चषक कुठाय म्हणतील." बरोबरच होतं. सांत्वन खोट्यानं सुरू झालं की पुढची प्रत्येक ओळ पोरं संशयानं ऐकतात. म्हणून हार पहिल्या दोन ओळींत, सरळ शब्दांत:

चार धावा कमी आल्या,
हरलो ते हरलोच;
स्कोअरवही मिटली,
मिटली नाही ती बोच.

"हरलो" आहे, "हरलात" नाही. शिक्षकाला "आम्ही हरलो" म्हणायचा हक्क आहे का, यावर मी थोडा घुटमळलो. मी काय बॅट धरली नव्हती. पण "हरलात" म्हटलं की मास्तर पॅव्हेलियनमध्ये आणि पोरं उन्हात, असं चित्र उभं राहतं. "मिटली" हा शब्द दोनदा आलाय तो मुद्दाम: वही मिटते, बोच मिटत नाही. एका कडव्यात अशी एक गंमत पुरे. तीन ठेवल्या की पोरांच्या दुःखापेक्षा तुमची हुशारी जास्त दिसते.

दुसरं आणि तिसरं: काय चांगलं झालं ते, आकड्यासकट

"तुम्ही जिद्दीनं खेळलात" हे वाक्य कुणालाच पटत नाही. कोण, कधी, किती वेळ, हे सांगितलं तर पटतं.

एक्केचाळीस नि पाच,
लोक निघाले घराला;
दोघे उभे राहिले अन्
धीर आला मैदानाला.

अठ्ठावन्नच्या जोडीला
कुणी दिलं ना बक्षीस;
आठ षटकं ठेवले
गोलंदाज कासावीस.

लोक उठून निघाले होते हे खरं आहे, मी स्वतः चप्पल पायात सरकवली होती. "एक्केचाळीस नि पाच" ही ओळ पाच-तीनची आहे, टाळीवर जरा ओढते. तरी ठेवली, कारण "पाच" शेवटी आपटल्यासारखा येतो आणि त्या वेळी मैदानावर तसंच वाटलं होतं.

खर्ड्यात "नऊ षटकं ठेवले" होतं. स्कोअररनं वाचून लगेच अडवलं, "आठ सर. नवव्यानंतर सुरू झाली, सतराव्याला संपली." नशीब माझं की नऊ आणि आठ दोन्ही दोन अक्षरांचे. म्हणून सांगतो, खर्डा संघातल्या कुणालाही दाखवायच्या आधी स्कोअररला दाखवा. एक आकडा चुकला की पोरं कविता सोडून त्या आकड्यावर वाद घालत बसतात.

नावं घालायची का? मी घातली नाहीत. त्या दोघांची नावं घातली असती तर बाकी नऊ जणांनी आपलं नाव शोधलं असतं. "जोडी" म्हटलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते, आणि त्या दोघांच्या माना आपोआप वर होतात.

टाकून दिलेलं कडवं

इथं मी एक कडवं लिहिलं होतं आणि त्यावर फार खूश होतो. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते 443 वर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा तेव्हाचा 452 चा विक्रम अवघ्या 9 धावांवर होता, आणि समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढं एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. 4 धावांनी हरलेल्या कोल्हापूरच्या पोरांना याहून जवळचं कोण सापडणार?

चारशे त्रेचाळीसला
डाव थांबला अवेळी;
आपल्याच गावचा तो,
नऊ राहिल्या त्या वेळी.

"अवेळी" आणि "त्या वेळी" हे यमक लंगडं आहे, कबूल. पण कडवं पडलं ते वेगळ्याच कारणानं. घरी माझ्या पुतण्याला ऐकवलं. तो सातवीत आहे. म्हणाला, "खरं काका, ते हरले न्हाईत की. मॅच तर त्यांनीच जिंकली." (कोल्हापुराबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडं "खरं" म्हणजे "पण".) पोरगं नेमकं बोललं. निंबाळकरांचा विक्रम हुकला, सामना नाही. त्यांच्या पदरी अन्याय आला, आमच्या पोरांच्या पदरी साधी हार. दोन दुःखांची जात वेगळी असली की तुलना सांत्वन करत नाही, विषय बदलते. शिवाय "तुमच्यावर अन्याय झाला" असा वास त्याला येत होता, आणि तो एकदा शिरला की पुढची पायरी पंचांना शिव्या देण्याची.

ती हकिगत मी शनिवारी कविता संपल्यावर गप्पांत सांगितली. गप्पांत ती चालते, कारण पोरांना तिथं मध्येच प्रश्न विचारता येतात. मोठ्या माणसाचं उदाहरण कवितेत घालायचंच असेल तर आधी बघा, तो आपल्यासारखाच हरला होता का. नसेल तर बाहेर ठेवा.

शेवटचं षटक

अकरा हव्या सहांत,
अकरावा उतरला;
पहिलाच चौकार अन्
सारा बाक उसळला.

11 धावा आणि अकरावा खेळाडू हा योगायोग स्कोअरबुकानंच दिला, मी फक्त उचलला. पहिला खर्डा होता "आपला अकरावा खेळाडू उतरला". मोजून बघा, 14 अक्षरं. असं झालं की नवशिके शब्दांचे हात-पाय तोडून ओळ बसवतात, "खेळाडू"चं "खेळूड" वगैरे. तसं न करता शब्दच काढा. "अकरावा" म्हटल्यावर तो आपला आहे आणि खेळाडू आहे हे सांगायला नको.

तो बाद झाला ते कडव्यात नाही. सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या ओळीत चार धावा कमी आल्यात. बाक उसळला होता त्या क्षणावर कडवं थांबवलं, कारण तोही खरा क्षण होता आणि गुरुवारपासून तो कुणाला आठवत नव्हता. खोटं न बोलता कुठला क्षण किती वेळ धरून ठेवायचा, एवढं लिहिणाऱ्याच्या हातात असतं. मला या कामात हीच गोष्ट सगळ्यात उपयोगाची वाटली.

झेल

आता तो झेल. तीन वाटा होत्या. पहिली, त्याचा उल्लेखच टाळायचा. पण मग अख्खी कविता त्या झेलाला वळसा घालून जाते आणि वळसा सगळ्यांना दिसतो, त्या पोराला सगळ्यात जास्त. दुसरी, "झेल सुटला म्हणून काही बिघडलं नाही" असं म्हणायचं. ते खोटं. त्या फलंदाजानं पुढं 21 धावा काढल्या आणि आम्ही 4 नं हरलो, हा हिशेब पाचवीतलं पोर करतं. तिसरी, झेल सुटला म्हणायचं आणि हिशेब पुरता मांडायचा.

पुरता हिशेब स्कोअरबुकातच होता. 13 वाइड एकट्याचे नव्हते, चार गोलंदाजांचे होते. पहिले पाच 41 वर बाद झाले ते काही झेल सोडणाऱ्यामुळं नव्हे. 4 धावा कुठूनही आल्या असत्या. म्हणून:

झेल सुटला हातून,
हात नाही सुटायचा;
हिशेब चार धावांचा
अकरांत वाटायचा.

"हात सुटणं" हा आपल्या भाषेत साथ सुटणं आहे, त्यामुळं दुसरी ओळ समजावून सांगावी लागत नाही. आधी "झेल सुटला एकाचा" असं लिहिलं होतं. अक्षरं तेवढीच, पण "एकाचा" म्हणजे बोट दाखवणं झालं. "हातून" म्हटलं की हात कुणाचाही असू शकतो.

तरीही हे कडवं त्या पोराला विचारल्याशिवाय सगळ्यांसमोर म्हणायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्याला सायकल स्टँडपाशी गाठला आणि कागद हातात दिला. सांत्वनाचं एक वाक्यही बोललो नाही, फक्त "हे उद्या म्हणायचं का, तू सांग" एवढंच. त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "म्हणा सर. खरं त्यावेळी माझ्याकडं बघू नका." हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हणणाऱ्याची नजर कुठं जाते हाही कवितेचाच भाग असतो. तो "नको" म्हणाला असता तर कडवं काढून टाकलं असतं, मला ते कितीही आवडत असलं तरी. म्हणूनच हे कडवं असं लिहा की काढलं तरी आधीचं आणि नंतरचं जोडलेलं राहील.

कडव्याची जागाही महत्त्वाची. झेल सामन्यात आधी घडला होता, पण कवितेत तो पाचवा ठेवला. पहिल्यांदा आला असता तर पुढचं सगळं त्याच्या सावलीत गेलं असतं. शेवटी आला असता तर पोरं तेवढंच घेऊन वर्गात गेली असती.

शेवट: सोमवार

"पुढल्या वर्षी चषक आपलाच" असं लिहू नका. संघातली निम्मी पोरं पुढल्या वर्षी वयात बसणार नाहीत, त्यांना ते बरोबर माहीत असतं. वचन द्यायचं तर पाळता येईल असं द्यायचं, आणि जवळच्या तारखेचं.

सोमवारी नेट आहे,
सगळे या वेळेवर;
झेल घेऊ शंभरेक
अंधार पडेस्तोवर.

पहिली ओळ मोजलीत का? सो-म-वा-री-ने-ट-आ-हे, आठ. कविता आहे की सूचनाफलक असं एका सहकाऱ्यानं विचारलं. मला तसंच हवं होतं. झेलाच्या कडव्यानंतर लगेच झेलाचा सराव आलाय, म्हणून "घेऊ" हा शब्द जपून ठेवला. तिथं "घ्यायचे" किंवा "घ्या" आलं असतं तर ती एकाला दिलेली शिक्षा वाटली असती. "घेऊ"त सगळे येतात, मीही. माझे झेल कसे असतात ते पोरांना ठाऊक आहे.

"पडेस्तोवर" हा एक शब्द बोलीतला. अख्खी कविता कोल्हापुरी बोलीत लिहायचा सल्ला मिळाला होता. जमली असती, पण स्नेहसंमेलनात हशा आणायला जी बोली आपण वापरतो तीच इथं आणली की पोरं हसायच्या तयारीनं ऐकतात. एक-दोन शब्द घरचे असले की पुरे.

म्हणायची कशी

हरल्या दिवशी नको. गुरुवारी संध्याकाळी पोरांना रंकाळ्यावर नेऊन भेळ खाऊ घातली, तेवढं त्या दिवसाला पुरेसं होतं. एक दिवस मध्ये जाऊ द्यावा. फार लांबवूही नये, आठवड्यानं जखम आपोआप धरते आणि मग तुम्ही खपली काढता.

परिपाठाला सगळ्या शाळेसमोरही नको. हरलेल्या संघाला अख्ख्या शाळेसमोर उभं करून सांत्वन करणं म्हणजे हार पुन्हा जाहीर करणं. आम्ही क्रीडासाहित्याच्या खोलीत बसलो, किट बॅगांवर. अकरा, राखीव तिघं, स्कोअरर, क्रीडाशिक्षक आणि मी. राखीव पोरांना विसरू नका, ती हरतात आणि वर खेळायलाही मिळालेलं नसतं.

सहा कडवी म्हणजे दीड मिनिट. हळू म्हणायची, हावभाव करायचे नाहीत. प्रत्येक कडव्यानंतर एक श्वास. झेलाच्या कडव्याला मी खिडकीकडं बघत होतो. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी टाकू नका. कुणाची तरी आई शुक्रवारी रात्रीच वाचून दाखवेल आणि शनिवारी तुमच्या हातात शिळा कागद राहील.

चाललं की नाही हे कसं ओळखायचं? टाळ्यांवरून नाही. आमच्याकडं टाळ्या पडल्याच नाहीत, आणि मला क्षणभर वाटलं की फसलं. मग त्या अठ्ठावन्नच्या जोडीतला एक म्हणाला, "सर, त्यातल्या चार लेगबाय होत्या." दुसरा म्हणाला, "तीन." स्कोअररनं वही उघडली. गुरुवारनंतर ती पोरं पहिल्यांदा मॅचबद्दल बोलत होती.

उलट, सगळे माना खाली घालून गप्प बसले आणि कुणी चुळबूळसुद्धा केली नाही, तर कुठंतरी लागलंय असं समजावं. तेव्हा दुसऱ्यांदा म्हणू नये, कागद खिशात ठेवावा आणि नेट लावायला जावं.

सोमवारी सगळे आले, दोघं उशिरा. क्रीडाशिक्षक बॅटनं उंच मारत होते आणि पोरं आळीपाळीनं खाली जात होती. त्या पोरानं पहिला सोडला, दुसरा धरला, नंतर मी बघायचं बंद केलं. शंभर काही झाले नाहीत, बॉल दिसेना झाला. स्कोअररनं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय: झेल 87, सुटले 14, त्यात सरांचे 5.